टेकडी, पेला आणि हिरवा ठिपका

‘साधा, सुबक, आधुनिक, मिनिमलिस्ट, चहाची ऊब जाणवेल असा लोगो.’ चहाचा नवा धंदा काढणारी मंडळी चित्र काढणाऱ्या एआय साधनाला पहिल्यांदा बहुतेक असंच काहीतरी लिहितात. यात चार विशेषणं आहेत, एक भावना आहे आणि अट एकही नाही. समोर येतं ते ठरलेलं: वर्तुळात कप, कपावर वाफेची वेलांटी, बाजूला हिरवं पान. मग मंडळी साधनाला नावं ठेवतात. चूक साधनाची नाही. त्याला मागितलं तेच त्यानं दिलं.

ही साधनं चित्र आणि त्याखालचं वर्णन यांच्या अगणित जोड्यांवर तयार झालेली असतात. ‘चहा’, ‘लोगो’ आणि ‘साधा’ हे तीन शब्द एकत्र आले की त्या जोड्यांत सगळ्यात जास्त वेळा जे दिसलं असेल, त्याकडे चित्र झुकतं. म्हणजे शेकडो दुकानांनी आधीच वापरलेली सरासरी तुमच्या हातात पडते. सरासरीपासून दूर जायचं तर दिशा तुम्हीच दाखवायला हवी आणि ती विशेषणांनी दाखवता येत नाही. ती दाखवायला आकार, माप आणि रंग लागतात. माझं म्हणणं एवढंच आहे की ब्रीफमधली प्रत्येक ओळ अशी हवी, जिच्या आधारे समोरचं चित्र नापास करता येईल. ‘सुबक’वरून कोणतंच चित्र नापास होत नाही. ‘दोनपेक्षा जास्त तुकडे नकोत’ यावरून लगेच होतं.

एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत जाऊ. समजा, खारघरच्या एका घरातून मसाला मिसळलेली चहापत्ती विकायची आहे. 100 ग्रॅमची क्राफ्ट कागदाची पिशवी, स्टेशनाजवळ तयार चहाचा एक छोटा गाळा आणि घरपोच डिलिव्हरीच्या ॲपवर एक जागा. धंदा एवढाच आहे. लोगोच्या अटी या तीन जागांतून काढायच्या, मनातल्या भावनेतून नव्हे.

पहिली कल्पना कोणाच्याही डोक्यात येईल ती टेकडीची. सेंट्रल पार्कात उभं राहिलं की मागे खारघरची टेकडी दिसतेच आणि पावसाळ्यात ती या गावाची ओळख असते. मग चहाच्या रंगाची, म्हणजे तपकिरी टेकडी. साधी हवी म्हणून सरळ त्रिकोण. ॲपवर नीट बसावी म्हणून भोवती चौकट. झाला लोगो? झाला, पण मांसाहाराचा. खाद्यपदार्थांच्या 2020 च्या लेबलिंग नियमांनुसार तपकिरी चौकटीतला भरीव तपकिरी त्रिकोण ही मांसाहारी पदार्थाची खूण आहे. चहाच्या पुडीवर तो त्रिकोण पाहून गिऱ्हाईक पुडी परत ठेवेल आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही.

दुसरी कल्पना चहाच्या पानाची. हिरवा रंग, साधेपणासाठी गोल आणि भोवती चौकट. ही शाकाहाराची खूण झाली. चहाच्या धंद्याला सहज सुचणारे दोन्ही रंग, पत्तीचा हिरवा आणि उकळीचा तपकिरी, पुडीवर आधीच दुसऱ्या कामाला लावलेले आहेत. मिनिमलिस्ट म्हणून जेवढं साधं करत जाल तेवढे या खुणांच्या जवळ जाल, कारण त्या खुणाच साधेपणाच्या टोकाला नेलेले आकार आहेत.

यात आणखी एक बारकावा आहे. शाकाहाराची ही खूण पिशवीच्या मागे कुठेतरी टाकून चालत नाही. ती दर्शनी बाजूवर, पदार्थाच्या किंवा ब्रँडच्या नावाजवळ असावी लागते. म्हणजे ती तुमच्या लोगोची शेजारीण होणार. आपल्या पिशवीची दर्शनी बाजू 10 बाय 15 सेंटिमीटर धरली तर क्षेत्रफळ 150 चौरस सेंटिमीटर होतं आणि त्या गटात ठिपक्याचा व्यास किमान 4 मिलिमीटर लागतो. तेव्हा पहिली अट ठरली: लोगोला चौकट नको, मुख्य आकार वर्तुळ किंवा त्रिकोण नको आणि हिरवा किंवा तपकिरी रंग नको. एका ओळीत तीन निषेध आले आणि तिन्ही डोळ्यांनी तपासता येतात.

आता आकार. टेकडी सोडायची नसेल तर ती दुसऱ्या कशात तरी ठेवावी लागेल. कटिंगचा काचेचा पेला सगळ्यांना माहीत आहे: वर रुंद, खाली निमुळता, कडा सरळ. तो भरीव काळा काढायचा आणि त्यातून एकच पांढरी फट न्यायची. फट डाव्या कडेपासून वर चढते, मध्याच्या थोडं उजवीकडे तिचं शिखर येतं आणि तिथून ती उजव्या कडेला उतरते. खालचा काळा भाग टेकडी होतो, वरचा आकाश. तोच खालचा भाग पेल्यातला चहाही होतो. तुकडे दोन, फट एक. बाकी काहीही नाही.

चांगल्या साध्या चिन्हाची एक जुनी कसोटी आहे. ते चिन्ह न दाखवता फोनवर सांगता आलं पाहिजे आणि ऐकणाऱ्याला ते काढता आलं पाहिजे. स्टेट बँकेचं चिन्ह घ्या. 1971 साली शेखर कामत यांनी अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत ते घडवलं. निळं वर्तुळ, मध्यभागी छोटं पांढरं वर्तुळ आणि त्यातून सरळ खाली काठापर्यंत गेलेली पांढरी फट. एवढ्या शब्दांत शाळकरी पोरगंही ते काढून दाखवेल. तुमच्या लोगोचं वर्णन करताना ‘आणि मग थोडंसं असं वळण’ म्हणावं लागलं, तर कल्पना अजून कच्ची आहे. साधनापुढे बसण्याआधी ती कागदावर पक्की करा.

आकार ठरला की माप. लोगोची चौरस जागा 100 एकक धरा. पेल्याची वरची रुंदी 56, खालची 40, उंची 64 आणि पांढऱ्या फटीची जाडी 8. ही मापं हवेतून आलेली नाहीत. ब्राउझरच्या टॅबवर लोगोला 16 पिक्सेलची जागा मिळते. 8 एककांची फट तिथे सव्वा पिक्सेलच्या आसपास पडते, म्हणजे जेमतेम दिसते. हीच फट 3 एककांची ठेवली तर ती अर्ध्या पिक्सेलची होईल आणि दोन काळे तुकडे एकमेकांत मिसळून पेल्याचा नुसता गोळा उरेल. पिशवी बांधताना मारायचा 15 मिलिमीटरचा रबरी शिक्का घेतला तरी हिशोब तोच: 8 एककं म्हणजे 1.2 मिलिमीटर, शाई पसरली तरी फट शाबूत राहते. 3 एककं म्हणजे अर्ध्या मिलिमीटरहून कमी आणि खरबरीत कागदावर ती पहिल्याच शिक्क्यात बुजते.

ॲपचं चित्र बहुतेकदा गोल कापलं जातं, म्हणून पेल्याचे कोपरे त्या गोलाच्या आत राहायला हवेत. पेला मध्यभागी ठेवला तर वरचे दोन कोपरे मध्यापासून सुमारे 42.5 एककांवर येतात आणि गोलाची त्रिज्या 50 आहे. बसले. हा हिशोब आधी केला नाही तर ॲपवर पेल्याचे कान कापलेले दिसतात आणि मग घाईघाईत लोगो बारीक करून फट गमावावी लागते.

रंगाच्या बाबतीत मी हट्टी आहे. साधनाकडून रंग मागूच नका. पांढऱ्यावर काळा, बस्स. पहिलं कारण साधनाचं आहे. `#1F2A5A` असा रंगाचा अंक लिहिलात तरी बहुतेक साधनं तो मोजमाप म्हणून घेत नाहीत. त्यांच्या लेखी ती शब्दांसारखी अक्षरं असतात आणि चित्रात येणारा निळा दर वेळी थोडा वेगळा असतो. अचूक रंग नंतर रेखाटनाच्या फाइलमध्ये भरायचा असतो. दुसरं कारण डोळ्याचं. काळ्या-पांढऱ्यात जो आकार उभा राहत नाही, त्याला रंग फक्त झाकतो. तिसरं कारण कायद्याचं आणि खिशाचं. ट्रेडमार्क कायदा 1999 च्या कलम 10 नुसार रंगाची मर्यादा न घालता नोंदलेलं चिन्ह सगळ्या रंगांसाठी नोंदलेलं मानलं जातं. काळं-पांढरं चिन्ह नोंदवलं की उद्या आल्याच्या चहाची पिशवी वेगळ्या रंगाची काढायलाही मोकळीक राहते.

तरीही पिशवीवर कोणता रंग, हे ब्रीफमध्ये आत्ताच लिहून ठेवा: एकच, गडद निळा, छटा नाही, सावली नाही. गडद का, तर क्राफ्ट कागद मुळातच तपकिरी असतो आणि त्यावर फिकी शाई मळकट होते. पिवळा किंवा आकाशी रंग पडद्यावर गोड दिसतो आणि छापून आला की ओळखू येत नाही. निळा का, तर तो हिरव्या ठिपक्याशेजारी बसूनही त्याच्याशी भांडत नाही.

आता खरी लढाई, साधनाला लिहायची. इथे बहुतेकांची एकच गल्लत होते. स्वतःसाठी लिहिलेलं ब्रीफ ते जसंच्या तसं साधनात ओततात. ‘वाफ नको, पान नको, कप नको, अक्षरं नकोत.’ चित्र येतं आणि त्यात वाफ असते. चित्र काढणारी अनेक साधनं नकार नीट पाळत नाहीत. ‘वाफ’ हा शब्द आला की तो चित्राला वाफेकडे ओढतो आणि पुढचा ‘नको’ तेवढा जोर लावत नाही. नव्या साधनांत हे सुधारलं आहे, पण भरवसा ठेवण्याइतकं नाही. काही साधनांत नकारासाठी वेगळी जागा असते, उदाहरणार्थ मिडजर्नीमध्ये `--no steam, leaf, text` असं शेवटी लिहायचं असतं. तशी सोय नसेल तर नकाराचं रूपांतर होकारात करा. ‘वाफ नको’ऐवजी ‘पेल्याची वरची कड सपाट आणि तिच्यावर कोरी पांढरी जागा’ असं लिहा. वाफेला जागाच उरत नाही.

मापांचंही तसंच. 56 आणि 40 हे आकडे साधन पाळणार नाही. त्याला प्रमाण सांगा. म्हणून एका कल्पनेची दोन लेखनं ठेवायची. निषेध आणि आकडे आपल्या तपासणीच्या कागदावर आणि साधनाला फक्त दिसणाऱ्या गोष्टींचं वर्णन. आपल्या उदाहरणात साधनाला जाणारा मजकूर असा होईल:

‘कोऱ्या पांढऱ्या पार्श्वभूमीवर मध्यभागी एकच सपाट काळा आकार: सरळ कडांचा चहाचा पेला, समोरून पाहिलेला, वर रुंद आणि खाली किंचित निमुळता, उंची रुंदीपेक्षा थोडी जास्त. वरची कड सपाट, तिच्या वर रिकामी जागा. पेल्याच्या आरपार एक जाड पांढरी फट, डावीकडून वर चढणारी, मध्याच्या थोडं उजवीकडे एक शिखर आणि मग उजवीकडे उतरणारी. फट सगळीकडे सारख्या जाडीची. पूर्ण काळा आणि पूर्ण पांढरा, दोनच रंग. कागदी कातरकामासारख्या स्वच्छ कडा. चौरस चित्र.’

यात ‘सुंदर’ नाही, ‘आधुनिक’ नाही, ‘मिनिमलिस्ट’सुद्धा नाही. ते सगळं वर्णनातच आलं आहे. बहुतेक साधनांना इंग्रजी मजकूर जास्त नीट कळतो, तेव्हा हाच मजकूर इंग्रजीत उतरवायला हरकत नाही. वाक्यांचा क्रम मात्र बदलू नका. मुख्य आकार आधी, फट नंतर, रंग शेवटी. लांबलचक मजकुरात शेवटच्या गोष्टींकडे दुर्लक्ष होण्याचा संभव जास्त असतो आणि रंग चुकला तर तो आपण नंतर सुधारणारच आहोत.

चित्रं आली की आवडनिवड करत बसू नका. आधी नापास करा. फटीला दोन शिखरं आली? नापास. पेला तिरका किंवा त्रिमितीय दिसतो? नापास. करड्या छटा आल्या? नापास. लोगो भिंतीवर किंवा पिशवीवर छापल्यासारखा देखावा करून आला? तोही नापास, कारण देखाव्यात कुठलाही आकार चांगलाच दिसतो. उरलेली चित्रं 16 पिक्सेलपर्यंत लहान करून पाहा आणि एक प्रत साध्या झेरॉक्सवर काढा. फट दोन्हीकडे टिकली तर ती कल्पना पुढे न्यायची. एकाच दोषामुळे सगळी चित्रं पडत असतील तर मजकुरातलं फक्त तेच वाक्य बदला. सगळा मजकूर नव्यानं लिहिलात तर काय सुधारलं आणि कशामुळे, हे कधीच कळणार नाही.

उरलेलं चित्र हा अजूनही लोगो नाही. साधारणपणे ते ठिपक्यांचं चित्र असतं, फलकाएवढं मोठं केलं की त्याच्या कडा फाटतात. त्यावरून एसव्हीजी फाइलमध्ये आकार नव्यानं काढायचा, आपल्या आकड्यांनी: 56, 40, 64, 8. इथे एक चूक हमखास होते. फट म्हणून पेल्यावर पांढरी रेघ ओढली जाते. पडद्यावर फरक दिसत नाही, पण तपकिरी कागदावर ती रेघ पांढऱ्या रंगाची म्हणून वेगळी उमटते किंवा छापणारा तीच वगळतो आणि पेला सलग होतो. फट म्हणजे रंग नव्हे, भोक असायला हवं. फाइल गर्द पिवळ्या पार्श्वभूमीवर ठेवून पाहा. फटीतून पिवळा दिसला तर बरोबर, पांढरा दिसला तर परत कापा.

नाव साधनाकडून लिहून घेऊ नका. देवनागरीत साधनं अजून मात्रा चुकवतात, जोडाक्षरं फोडतात, कधी शिरोरेषा मध्येच तोडतात. नाव फाँटमधून यावं. मुंबईच्या एक टाइपचे मुक्त आणि बालू हे फाँट विनाशुल्क आहेत आणि धंद्यासाठी वापरता येतात. आणि महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीचा कायदा विसरू नका. 2022 च्या दुरुस्तीनंतर दहापेक्षा कमी कामगार असलेल्या दुकानालाही मराठी देवनागरी नाव पाटीवर सुरुवातीला आणि इतर लिपीपेक्षा लहान नाही अशा आकारात द्यावं लागतं. म्हणून चिन्हाशेजारी देवनागरी नावाची जागा पहिल्या दिवसापासून धरायची. ब्रीफमध्ये लिहा: शिरोरेषेची जाडी पेल्यातल्या फटीइतकी. चिन्ह आणि नाव मग एकाच हातानं काढल्यासारखं दिसतं आणि ही अटही पट्टीनं मोजता येते.

सगळ्यात शेवटी, पण छपाईच्या आधी, शोध. ट्रेडमार्क नोंदणीच्या सरकारी संकेतस्थळावर शोध फुकट आहे. पिशवीतल्या चहासाठी वर्ग 30 आणि गाळ्यावर चहा विकण्याच्या सेवेसाठी वर्ग 43, दोन्हीत पाहायचं. चित्रचिन्हं तिथे व्हिएन्ना वर्गीकरणाच्या अंकांनी शोधता येतात. घरगुती भांडी 11 व्या विभागात आहेत, डोंगर आणि निसर्गदृश्यं 6 व्या. पानाचा लोगो केला असता तर 5 व्या विभागातल्या वनस्पतींच्या गर्दीत शिरावं लागलं असतं. पेला आणि टेकडी एकत्र असलेलं मिळतंजुळतं चिन्ह आधीच नोंदलेलं दिसलं तर फटीचा आकार बदला आणि परत तपासा. नुसता पेलाच उरला तर अर्ज करू नका. कलम 9 नुसार मालाचं केवळ वर्णन करणाऱ्या किंवा व्यापारात रूढ झालेल्या चिन्हाला नोंदणी नाकारता येते आणि चहासाठी साधा पेला हे दोन्ही आहे. या लोगोत तुमचं स्वतःचं असं जे काही आहे ते त्या फटीत आहे.

आणि पैशांचा क्रम पाळा. ऑनलाइन अर्जासाठी व्यक्ती, लघुउद्योग किंवा स्टार्टअपला एका वर्गाचे 4,500 रुपये लागतात, म्हणजे दोन वर्गांचे 9,000. पाटी, शिक्का, पिशव्या यांचा खर्च त्यापुढे सुरू होतो. आधी शोध, मग अर्ज, मग रबरी शिक्का मारून थोड्या पिशव्या आणि त्या विकल्या गेल्यावर छापील पिशव्यांची मोठी ऑर्डर. हा क्रम उलटा केला, तर नापास लोगो छापलेल्या पिशव्यांचे ढीग तुम्हालाच रिकामे करावे लागतील.